दारा आणि धारा: ‘ध’मधला श्वास मोजायचा कसा

तारा, थारा, दारा, धारा. चारही शब्दांत जीभ एकाच जागी, वरच्या दातांमागे टेकते. तोंडातली हालचाल जवळपास सारखी असते आणि फरक सगळा घशात घडतो. व्याकरणाच्या पुस्तकात तो दोन प्रश्नांत मांडलेला असतो: घोष की अघोष, अल्पप्राण की महाप्राण. दोन प्रश्न, प्रत्येकी दोन उत्तरं, म्हणून चार व्यंजनं. मांडणी सुबक आहे, पण माइकसमोर बोलून घेतलेला आवाज संगणकावर उघडला की ‘ध’ या चौकटीत नीट बसत नाही. ‘थ’मधला प्राण आणि ‘ध’मधला प्राण या एकच गोष्टी नाहीत.

‘थ’ म्हणताना जीभ सुटते त्या क्षणी स्वरतंतू एकमेकांपासून दूर असतात. हवा बिनअडथळा बाहेर पडते, काही काळ नुसता श्वास ऐकू येतो आणि मग स्वरतंतू जवळ येऊन कंप पावू लागतात. ‘ध’मध्ये तसं होत नाही. तिथे स्वरतंतू आधीपासूनच कंप पावत असतात. जीभ सुटण्याच्या सुमारास ते थोडे विलग होतात, पण कंप चालूच राहतो. आवाज आणि श्वास एकाच वेळी बाहेर पडतात. याला श्वासमिश्रित आवाज म्हणू. १९७०च्या दशकात हिंदी बोलणाऱ्यांच्या नाकातून बारीक दुर्बीण घशापर्यंत सोडून हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं आहे. पण दुर्बीण घालून घ्यायला कोण रोज तयार होणार? म्हणून नुसत्या ध्वनिमुद्रणावरून हा फरक काढायचा असतो, आणि त्यासाठी दोन मोजमापं उपयोगी पडतात. एक म्हणजे तोंड किती वेळ बंद होतं, आणि दुसरं म्हणजे त्यानंतरच्या स्वरातली ताकद खालच्या सुरांपासून वरच्या सुरांकडे जाताना किती झपाट्याने उतरते. या दुसऱ्याला आवाजाचा उतार म्हणू.

त्याआधी, सगळ्यात प्रसिद्ध मोजमाप इथे का पुरत नाही ते पाहू. ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९६४ साली अकरा भाषांतली व्यंजनं एकाच मापाने तपासली. जीभ किंवा ओठ सुटल्यावर स्वरतंतूंचा कंप किती वेळाने सुरू होतो, हे ते माप. त्याला व्हीओटी म्हणतात. ‘त’मध्ये हा वेळ अगदी थोडा असतो, ‘थ’मध्ये त्याच्या कित्येक पट. ‘द’मध्ये कंप जीभ सुटण्याच्या आधीच सुरू झालेला असतो, म्हणून आकडा उणे येतो. बहुतेक भाषांना हे माप चोख लागू पडलं. त्या अकरा भाषांत हिंदी आणि मराठीही होत्या, आणि गाडी नेमकी तिथेच अडली. ‘ध’चा आकडाही उणेच येतो, ‘द’सारखाच. कंप कधी सुरू होतो एवढंच विचारलं तर दारा आणि धारा यांचं उत्तर एकच. कंप कसा आहे, हेही विचारावं लागतं.

तोंड बंद असतानाचा काळ

आधी सोपं मोजमाप घेऊ. जीभ दातांना टेकल्यापासून सुटेपर्यंतचा काळ म्हणजे बंद काळ. शब्दाच्या आधी शांतता असेल तर ‘त’ किंवा ‘थ’चा बंद काळ मोजताच येत नाही, कारण शांतता कुठे संपली आणि जीभ कधी टेकली हे ध्वनिमुद्रणात दिसत नाही. म्हणून शब्द एका ठरावीक वाक्यात बसवतात, उदाहरणार्थ “मी आता धारा वाचते.” ‘आता’तल्या शेवटच्या ‘आ’मुळे व्यंजनाची सुरुवात पकडता येते.

Praatसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये हे वाक्य उघडलं की वर तरंगाकृती आणि खाली स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या सुरात किती ताकद आहे याचं चित्र, दिसतो. ‘आ’ चालू असताना स्पेक्ट्रोग्राममध्ये काळे आडवे पट्टे असतात. ते फॉर्मंट, म्हणजे तोंडाच्या पोकळीने उचलून धरलेले सूर. जीभ टेकली की वरचे पट्टे एकदम नाहीसे होतात. ‘द’ आणि ‘ध’मध्ये तळाशी एक फिकट पट्टी उरते, कारण स्वरतंतू अजून कंप पावत असतात आणि तो गुरगुराट गालांतून, गळ्याच्या कातडीतून बाहेर येतो. ‘त’ आणि ‘थ’मध्ये तीही लवकरच विरते. मग जीभ सुटते आणि एक बारीक उभी रेघ उमटते, तो स्फोट. दुसरा फॉर्मंट नाहीसा झाला तिथपासून या रेघेपर्यंत जे अंतर, तो बंद काळ.

घोष व्यंजनांचा बंद काळ सहसा अघोषांपेक्षा कमी भरतो. याचं एक कारण हवेच्या दाबात आहे. बोलताना फुप्फुसांतला दाब साधारण ६ ते ८ सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका असतो. स्वरतंतू हलते राहायला त्यांच्या खालच्या आणि वरच्या दाबात सुमारे २ सेंटिमीटरचा तरी फरक लागतो. तोंड बंद असताना हवा आत साठत जाते, वरचा दाब चढतो आणि हा फरक झपाट्याने घटतो. गाल थोडे फुगवून, कंठ थोडा खाली ओढून वेळ वाढवता येतो, पण किती? बंद काळ लांबला तर कंप विझणारच. म्हणून घोष राखायचा तर तोंड लवकर उघडलेलं बरं.

हिंदीवरच्या मोजमापांत साधारण असा क्रम आढळला आहे: अघोष अल्पप्राणाचा बंद काळ सर्वांत लांब, मग अघोष महाप्राण, मग घोष अल्पप्राण आणि घोष महाप्राणाचा सर्वांत कमी. महाप्राणात आखूड का, याचं मला पटणारं स्पष्टीकरण असं की एका व्यंजनाला बोलण्याच्या ओघात मिळणारी जागा मोजकीच असते. सुटल्यानंतर श्वासाला वेळ द्यायचा तर आधीचा बंद काळ आखडावा लागतो. मात्र शेजारशेजारच्या दोन वर्गांतला फरक थोडाच असतो आणि एकेका उच्चाराचे आकडे एकमेकांत सरमिसळ होतात. एकटा एक बंद काळ हातात घेऊन “हा ध आहे” असं कुणी म्हणू लागलं, तर विश्वास ठेवू नये. बंद काळात कंप टिकला की विझला, हा प्रश्न मात्र घोष-अघोष भेद बऱ्यापैकी खात्रीने सोडवतो.

मोजताना तीन ठिकाणी हमखास फसगत होते. बोलणारा शब्दाआधी किंचित थांबला तर ‘त’चा बंद काळ अचानक ३०० मिलिसेकंद भरतो, तो विराम आहे, व्यंजन नाही. असे उच्चार बाजूला काढायचे. दुसरं, घाईत बोललेला ‘द’ दोन स्वरांच्या मध्ये इतका सैल होतो की जीभ पुरती टेकतच नाही आणि स्फोटाची रेघ उमटत नाही. तिथे अंदाजाने रेघ मारण्यापेक्षा ती जागा कोरी ठेवावी. तिसरं म्हणजे बोलण्याचा वेग. तोच माणूस भरभर बोलला की सगळेच काळ आखडतात, म्हणून मिलिसेकंदांबरोबर बंद काळ हा आधीच्या स्वराच्या किती पट आहे हेही नोंदवतात.

जाता जाता ‘लठ्ठ’ आणि ‘चिठ्ठी’ या शब्दांचं स्पेक्ट्रोग्राम पाहण्यासारखं आहे. लिहिताना आपण दोन ‘ठ’ लिहितो, पण पडद्यावर एकच लांब शांतता आणि तिच्या शेवटी एकदाच श्वास दिसतो. मध्ये जीभ सुटत नाही, तर श्वासाला बाहेर पडायला वाटच नाही.

आवाजाचा उतार

आता ‘द’ आणि ‘ध’ वेगळे करायचे आहेत. दोन्हींत बंद काळभर कंप आहे, त्यामुळे पुरावा जीभ सुटल्यानंतरच्या स्वरात शोधायचा.

स्वरतंतू सेकंदाला २०० वेळा उघडमीट करत असतील तर घशातून निघणाऱ्या आवाजात २०० हर्ट्झचा सूर असतो आणि त्याबरोबर ४००, ६००, ८०० असे त्याच्या पटीतले सूरही असतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात. पहिल्याच्या ताकदीला H1 म्हणू, दुसऱ्याच्या ताकदीला H2. वरवर जावं तशी हार्मोनिकची ताकद कमी होत जाते, पण किती झपाट्याने ते स्वरतंतू कसे मिटतात यावर ठरतं. नेहमीच्या आवाजात ते झटक्यात मिटतात. टाळी वाजवताना हात जोरात आपटले तर कडक आवाज येतो आणि तळवे अलगद टेकवले तर मऊ, तसंच इथे आहे: झटक्यात मिटण्यातून वरचे हार्मोनिक भरपूर मिळतात. श्वासमिश्रित आवाजात स्वरतंतू प्रत्येक फेरीत जास्त वेळ उघडे राहतात, सावकाश जवळ येतात आणि मागच्या बाजूला बऱ्याचदा फट उरते. हवेचा प्रवाह एका गुळगुळीत लाटेसारखा चढतो-उतरतो. अशा लाटेत जवळजवळ सगळी ताकद पहिल्या हार्मोनिकमध्येच असते. परिणामी H1 वर राहतो, H2 खाली जातो आणि H1 − H2 हा आकडा वाढतो.

वजाबाकी घेण्याचं कारण साधं आहे. माइक जवळ असेल तर दोन्ही आकडे सारखेच वाढतात आणि दूर असेल तर सारखेच घटतात. फरक तेवढाच राहतो. उतार आणखी लांबवरचा पाहायचा असेल तर H1 मधून पहिल्या किंवा तिसऱ्या फॉर्मंटजवळच्या सर्वांत बलवान हार्मोनिकची ताकद वजा करतात. पण तिसऱ्या फॉर्मंटपाशी एक गोची होते. श्वासमिश्रित आवाजात त्या उंचीवर हार्मोनिक विरलेले असतात आणि त्यांच्या जागी हवेचा खरखराट भरलेला असतो. प्रोग्रॅम त्या खरखराटालाच हार्मोनिक समजून मोजतो आणि उतार होता त्यापेक्षा सौम्य दिसतो. म्हणून सुरुवातीला H1 − H2 वरच भर द्यावा असं माझं मत आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण अशाच घराण्यातले आकडे प्रत्यक्षात भेटतात. समजा, एका स्त्रीने चारही शब्द त्या वाक्यात म्हटले. ‘धारा’त आधीचा ‘आ’ ०.४१२ सेकंदाला संपतो, स्फोट ०.४७४ ला येतो. बंद काळ ६२ मिलिसेकंद आणि तळाची पट्टी अखंड. ‘दारा’त बंद काळ ७० आणि पट्टी अखंड. ‘थारा’त ८४, ‘तारा’त ९६, दोन्हींत पट्टी सुरुवातीलाच विझलेली. आता पुढच्या ‘आ’मध्ये दोन जागी H1 आणि H2 वाचायचे, एकदा कंप नीट दिसू लागल्यावर २० मिलिसेकंदांनी आणि एकदा स्वराच्या मध्यावर. ‘दारा’त सुरुवातीला ५६ उणे ५३, म्हणजे ३ डेसिबल, आणि मध्यावर २. ‘धारा’त सुरुवातीला ५८ उणे ४८, म्हणजे १० डेसिबल, आणि मध्यावर ३.

नुसत्या १० या आकड्याला फारसा अर्थ नाही. काहींचा रोजचा आवाजच मऊ असतो, आणि स्त्रियांच्या आवाजात हा आकडा सरासरीने जास्तच भरतो. अर्थ आहे तो त्याच व्यक्तीच्या त्याच स्वराशी तुलना करण्यात. सुरुवातीच्या आकड्यातून मध्यावरचा वजा केला तर ‘दारा’ला १ मिळतो आणि ‘धारा’ला ७. श्वास स्वराच्या सुरुवातीला दाटलेला आहे आणि पुढे विरत गेला आहे, हे त्या ७ मधून कळतं. संपूर्ण स्वराची एकच सरासरी काढली असती तर हा फरक बराचसा बुजला असता.

आता ‘थारा’ मोजा. तिथेही स्वराची सुरुवात श्वासाळ असते, कारण स्वरतंतू नुकतेच दूरवरून जवळ आलेले असतात. समजा H1 − H2 सुरुवातीला ८ आणि मध्यावर २, म्हणजे फरक ६ डेसिबल. म्हणजे उतार ‘थ’ आणि ‘ध’ वेगळे करत नाही. ते काम बंद काळातली तळाची पट्टी करते. आणि पट्टी ‘द’ आणि ‘ध’ वेगळे करत नाही. ते काम उतार करतो. दोन्ही मोजमापं एकत्र ठेवली तरच चारही शब्द चार जागी पडतात.

हे आकडे कधी खोटं बोलतात

H1 − H2 मधलं सगळ्यात मोठं विघ्न म्हणजे तोंडाची पोकळी. आपल्याला घशाबद्दल जाणून घ्यायचं असतं, पण माइकला ऐकू येतो तो तोंडातून गाळून आलेला आवाज. ‘आ’चा पहिला फॉर्मंट साधारण ७०० ते ९०० हर्ट्झला असतो; २०० आणि ४०० वरच्या पहिल्या दोन हार्मोनिकना त्याचा फारसा धक्का लागत नाही. ‘ई’चा पहिला फॉर्मंट मात्र ३००–३५० च्या आसपास असतो. २०० हर्ट्झच्या आवाजात तो ४०० वरच्या H2 ला उचलून धरतो, वजाबाकी लहान येते आणि ‘धीर’मधला श्वास झाकला जातो. हेच बोलणं २८० हर्ट्झच्या उंच सुरात झालं तर तो H1 लाच उचलतो आणि श्वास नसलेला ‘दीर’ही श्वासाळ भासतो. फॉर्मंटची जागा मोजून हा परिणाम वजा करण्याची गणितं आहेत, आणि VoiceSauceसारखे प्रोग्रॅम ती आपोआप करतात. सुधारलेल्या आकड्यांवर तारांकन असतं, H1* − H2* असं. पण फॉर्मंट चुकीचा पकडला गेला तर सुधारणाही चुकते. शक्य असेल तिथे ‘आ’चेच शब्द निवडावेत.

दान-धान ही जोडी मी मुद्दाम टाळली. पुढच्या ‘न’मुळे ‘आ’ आधीपासूनच थोडा नाकात जातो आणि नाकाची पोकळी २५०–३०० हर्ट्झच्या आसपास आपली भर घालते. म्हणजे पुन्हा H1 आणि H2 च्याच अंगणात. ‘म्ह’ आणि ‘न्ह’ मोजणाऱ्याला तर हे टाळताच येत नाही. २०१३ मध्ये केली बर्कसन यांनी कॅन्सस विद्यापीठात मराठीतल्या श्वासमिश्रित व्यंजनांवर प्रबंध लिहिला. त्यात ‘ध’, ‘भ’सारख्यांबरोबर ‘म्ह’, ‘न्ह’सारखी व्यंजनंही होती. अशा कामात एका मापावर न थांबता हार्मोनिकची मांडणी किती स्पष्ट आहे हे सांगणारी इतर मापंही जोडीला घेतात.

दुसरी चूक अधिक छुपी आहे. H1 कुठे शोधायचा हे प्रोग्रॅम मूळ सूर मोजून ठरवतो. श्वासमिश्रित भागात कंप अनियमित आणि दुबळा असतो, त्यामुळे सूर मोजणारा भाग तिथेच गडबडतो. कधी २०० च्या जागी १०० सांगतो. मग १०० वर हार्मोनिकच नसल्याने H1 तळाला जातो आणि वजाबाकी उणे २० किंवा त्याहून खाली येते. असा आकडा ताबडतोब डोळ्यांत भरतो, ते बरं. कधी मात्र प्रोग्रॅम “सूर सापडला नाही” म्हणून जागा कोरी सोडतो आणि पुढची आज्ञावली ती ओळ गुपचूप वगळते. याचा परिणाम विचित्र होतो. सर्वांत जास्त श्वास असलेले ‘ध’ सरासरीतून बाहेर पडतात, उरलेले ‘द’च्या जवळचे असतात, आणि या भाषिकाचा ‘ध’ पातळ आहे असा निष्कर्ष निघतो. म्हणून ‘द’च्या किती नोंदी गळल्या आणि ‘ध’च्या किती, हे आधी मोजायचं. ‘ध’च्या जास्त गळल्या असतील तर सरासरीकडे न पाहता त्या नोंदी एकेक उघडून हाताने सूर तपासायचा.

मोजणीच्या खिडकीचंही, म्हणजे एका वेळी आवाजाचा किती लांब तुकडा मोजायला घ्यायचा याचंही, असंच त्रांगडं आहे. १०० हर्ट्झच्या पुरुषी आवाजात २५ मिलिसेकंदांत जेमतेम अडीच फेऱ्या मावतात. एवढ्यात शेजारचे हार्मोनिक एकमेकांत मिसळतात. ४० मिलिसेकंद घेतले तर हार्मोनिक सुटे दिसतात, पण मग स्वराचा स्वच्छ भागही खिडकीत शिरतो आणि श्वास पातळ होतो. माझा कल मोठ्या खिडकीकडे असतो. निदान काय मोजलं ते कळतं.

आणि ध्वनिमुद्रण कुठून आलं ते विचारा. जुन्या पद्धतीच्या टेलिफोन वाहिनीवर साधारण ३०० हर्ट्झखालचं जातच नाही, म्हणजे बहुतेक माणसांचा H1 वाटेतच कापला गेला. कॉल करणारी ॲप खरखराट दाबतात, आणि ‘ध’मधला श्वास त्यांच्या लेखी खरखराटच असतो. अशा फाइलवर बंद काळ मोजता येईल. उतार मोजू नये.

शेवटी राहतो तो शब्दाच्या अखेरीचा महाप्राण. ‘वाग’ आणि ‘वाघ’ एकेकटे म्हणून मोजायला घेतले तर दुसरं मोजमाप हातातून निसटतं, कारण ‘घ’नंतर स्वरच नाही आणि उतार पाहायला जागा नाही. बंद काळ आणि सुटतानाचा थोडासा खरखराट एवढंच उरतं, आणि बरेच लोक तिथे दोन्ही शब्द जवळपास सारखेच बोलतात. ‘वाघ आला’ आणि ‘वाग असा’ असं न थांबता म्हणवून घेतलं तर पुढचा स्वर व्यंजनाला लागून येतो, आणि त्याच्या पहिल्या काही फेऱ्यांत H1 − H2 पुन्हा वाचता येतो.